तांब्याची तार बोटांनी वाकते, ती का? एज आणि स्क्रू डिसलोकेशनची गोष्ट

प्रश्न: पुस्तकात लिहिलंय की डिसलोकेशनमुळे धातू सहज वाकतो. एज आणि स्क्रूच्या आकृत्या पाठ आहेत, पण एक रेषा सरकली म्हणून अख्खी तार कशी वाकते ते कळत नाही. आणि दोषामुळे धातू नरम होत असेल, तर वाकवून वाकवून दोष वाढल्यावर तो कडक का होतो?

उत्तर:

आकृत्या थोडा वेळ बाजूला ठेवा आणि अर्थिंगला वापरतात ती ८ नंबरची तांब्याची तार घ्या, साधारण ४ मिलिमीटर जाडीची. तिचा वीतभर तुकडा गॅसवर मंद तांबडा होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. पोलाद असं बुडवल्यावर कडक होऊ शकतं, तांबं होत नाही. ही तार आता अंगठ्याभोवती सहज वळते. मग तीच तार सरळ करायला जा. जिथे वाकली होती तिथे ती उघडत नाही, शेजारी नवा बाक येतो आणि हातात नागमोडी तार राहते. तीस वर्षं मी ही तार वर्गात फिरवतोय. तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिच्यातच आहेत, म्हणून उदाहरण तांब्याचंच धरू.

धातू वाकतो तेव्हा आत काय होतं? अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. तांब्यात हे थर म्हणजे अणूंची सर्वांत दाट बसलेली प्रतलं. दोन थरांमधलं अंतर सुमारे ०.२०९ नॅनोमीटर, आणि थरातल्या दोन शेजारी अणूंमधलं अंतर ०.२५६ नॅनोमीटर. वरचा थर बरोबर ०.२५६ नॅनोमीटर सरकला की प्रत्येक अणू पुढच्या खाचेत बसतो आणि स्फटिक होता तसाच दिसतो. म्हणूनच हा बदल कायमचा असतो. मागे ओढणारं काही उरलेलं नसतं.

आता समजा, वरचा थर एका दमात, सगळे अणू बरोबरीने, असा सरकवायचा आहे. त्याला किती जोर लागेल याचा हिशेब याकोव्ह फ्रेंकेलने १९२६ मध्ये मांडला. प्रत्येक अणूला खाचेतून निघून उंचवटा ओलांडायचा आहे, म्हणून विरोध साइनच्या लाटेसारखा वाढतो आणि उतरतो. त्यातून जास्तीत जास्त शिअर, म्हणजे थर घसरवायला दर क्षेत्रफळाला लागणारा जोर, येतो असा:

```
τ = G b / (2π d)
```

G म्हणजे धातूची घसरणीविरुद्धची ताठरता, b शेजारी अणूंमधलं अंतर आणि d थरांमधलं अंतर. तांब्यासाठी G सुमारे ४५ गिगापास्कल, b ०.२५६ आणि d ०.२०९ नॅनोमीटर धरला तर उत्तर जवळपास ९ गिगापास्कल येतं, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला सुमारे ९०० किलो. साइनऐवजी अणूंमधलं खरं आकर्षण धरलं की हा आकडा उतरतो, तरी तो G च्या तिसाव्या भागाजवळ, १.५ गिगापास्कलच्या आसपास राहतो. प्रत्यक्षात शुद्ध, नीट नरम केलेल्या तांब्याचा एकल स्फटिक सुमारे १ मेगापास्कललाच घसरू लागतो. दर चौरस मिलिमीटरला शंभर ग्रॅम! हिशेब हजार-दीड हजार पटींनी चुकला. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर दिलं: थर एका दमात सरकतच नाही.

डिसलोकेशनची व्याख्या पुस्तकं सहसा 'अर्धा जादा थर' अशी करतात. ती चुकीची नाही, पण ती फक्त एजची आहे आणि पुढे तिच्यामुळेच गोंधळ होतो. मी वेगळी व्याख्या देतो. घसरणीचं एक प्रतल डोळ्यांसमोर आणा. त्याच्या काही भागावर वरचे अणू एक पाऊल पुढे गेले आहेत, उरलेल्या भागावर अजून जागेवरच आहेत. या दोन भागांमधली सीमा म्हणजे डिसलोकेशन. ती रेषा आहे, कारण क्षेत्राची सीमा रेषाच असते. ती स्फटिकाच्या आत मधेच संपत नाही, कारण सीमा मधेच संपू शकत नाही. एक तर ती पृष्ठभागाला जाऊन भिडते, नाहीतर दुसऱ्या रेषांना मिळते, नाहीतर स्वतःशीच जुळून वेढा होते. आणि 'रेषा सरकली' याचा अर्थ सरकलेला भाग वाढला, एवढाच. रेषा पूर्ण प्रतल ओलांडून बाहेर पडली की वरचा सगळा भाग ०.२५६ नॅनोमीटर पुढे गेलेला असतो आणि बाजूवर तेवढ्या उंचीची पायरी उमटते. या एका पावलाला बर्गर्स व्हेक्टर म्हणतात. अख्ख्या रेषेवर ते एकच असतं, रेषा कितीही वळली तरी.

एज आणि स्क्रू हा फरक आता आपोआप सुटतो. पाऊल उत्तरेकडे पडतंय असं समजा. सीमा जिथे पूर्व-पश्चिम धावते, तिथे मागचे अणू पुढे सरकून आले आहेत आणि समोरचे हललेले नाहीत, त्यामुळे वरच्या बाजूला दाटी होते. एक उभा थर जास्तीचा कोंबला जातो. हा एज. सीमा जिथे दक्षिणोत्तर, म्हणजे पावलाच्याच दिशेला समांतर धावते, तिथे दाटी होत नाही. तिथे सीमेच्या एका अंगाचे अणू दुसऱ्या अंगाच्या मानाने लांबीच्या दिशेत एक घर पुढे असतात. या रेषेभोवती अणूंवरून प्रदक्षिणा घातली तर आपण सुरुवातीच्या जागी परत येत नाही, चक्री जिन्यासारखे एक मजला वर किंवा खाली पोचतो. हा स्क्रू. प्रतलावर पसरत जाणारा वेढा घेतला तर त्याच्या उत्तर-दक्षिण टोकांशी एज, पूर्व-पश्चिम टोकांशी स्क्रू, आणि मधे सगळीकडे दोन्हींचं मिश्रण. म्हणजे हे दोन वेगळे दोष नाहीत. एकाच रेषेचे दोन मोहरे आहेत. स्क्रूचं हे रूप बर्गर्सने १९३९ मध्ये मांडलं.

विद्यार्थी अडतात ते स्क्रूच्या चालीवर. एजचं सोपं असतं: जोर उत्तरेला, रेषाही उत्तरेला जाते. स्क्रू मात्र जोराला काटकोनात, पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकतो. कापडाच्या दुकानात ताग्यातून कापड फाडताना बघा. एक हात वर जातो, दुसरा खाली, आणि फाटण्याची जागा मात्र हातांना काटकोनात, पुढे पळत जाते. स्क्रू नेमका तसा धावतो. फरक एवढाच की कापड मागे फाटलेलं राहतं, आणि स्फटिकात मागचे अणू एक घर सोडून नव्या शेजाऱ्याशी लगेच जुळतात. एज गेला काय की स्क्रू गेला काय, मागे राहणारी घसरण तीच.

इथपर्यंत आलं की बहुतेक जण सतरंजीची सुरकुती सांगून थांबतात: अख्खी सतरंजी ओढण्यापेक्षा सुरकुती ढकलत नेणं सोपं. त्यातून एका वेळी थोडेच अणू हलतात एवढं कळतं. पण हजार पटींचा फरक तेवढ्याने समजत नाही, कारण ते थोडे अणू तरी उंचवटा ओलांडतातच ना? त्यांना जोर का लागत नाही?

यासाठी पन्हळी पत्रा घ्या आणि त्याच्या वीस नाळ्यांमध्ये वीस गोट्या ठेवा, सगळ्या एका इलॅस्टिकच्या पट्टीला चिकटवलेल्या. पट्टी ओढली की वीसही गोट्या एकदम चढ चढतात. हा झाला फ्रेंकेलचा हिशेब. आता त्याच वीस नाळ्यांवर एकवीस गोट्यांची पट्टी बसवा. टोकांकडच्या गोट्या नाळीत नीट बसतील, पण मधे कुठेतरी पाच-सहा गोट्या अवघडून राहतील: काही चढावर, एखादी माथ्यावर, काही पलीकडच्या उतारावर. ती अवघडलेली जागा म्हणजे आपला एज. आता पट्टी हलकेच ओढा. चढावरच्या गोट्या मागे ओढतात, उतारावरच्या तेवढ्याच जोराने पुढे ढकलतात. बेरीज जवळजवळ शून्य. प्रत्येक गोटी किंचितच हलते, पण अवघडलेली जागा एक अख्खी नाळ पुढे जाते. बंध कमजोर झालेला नाही, चढही कमी झालेला नाही. चढ आणि उतार एकमेकांचा खर्च फेडतात.

ही वजाबाकी किती चोख होते हे अवघडलेला भाग किती रुंद आहे यावर ठरतं. पायर्ल्स (१९४०) आणि नाबारो (१९४७) यांच्या गणितात उरलेला विरोध रुंदीबरोबर नुसता कमी होत नाही, तो घातांकी वेगाने कोसळतो. तांब्यात धातूबंधाला दिशेचा आग्रह नसतो, त्यामुळे रेषेचा गाभा ऐसपैस पसरतो. खरं तर तो दोन अर्धवट रेषांमध्ये फुटतो आणि त्यांच्यामध्ये काही नॅनोमीटर रुंदीची पट्टी राहते. सिलिकॉनमध्ये प्रत्येक बंधाची दिशा ठरलेली असते, गाभा अगदी अरुंद असतो आणि चढ-उतारांची फेड होत नाही. डिसलोकेशन सिलिकॉनमध्येही असतात, पण साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या खाली त्या जवळपास हलत नाहीत, आणि वाकण्याआधी चकती तडकते. तेव्हा 'धातूत दोष असतात म्हणून तो वाकतो' हे अर्धंच खरं. दोष सगळ्यांत असतात. धातूत ते चालते असतात.

उलटी तपासणीही झालेली आहे. १९५२ मध्ये हेरिंग आणि गॉल्ट यांनी कथलाचे केसासारखे बारीक स्फटिक वाकवून पाहिले. इतक्या बारीक तंतूत हलू शकणारी डिसलोकेशन जवळपास नसते. ते तंतू एखाद-दोन टक्के ताण सोसून पुन्हा स्प्रिंगसारखे सरळ झाले, म्हणजे त्यांची ताकद फ्रेंकेलच्या सुधारलेल्या आकड्याच्या पंगतीला जाऊन बसली. आणि १९५६ मध्ये केंब्रिजमध्ये हिर्श, होर्न आणि व्हेलन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनिअमच्या पातळ पापुद्र्यात या रेषा चालताना डोळ्यांनी पाहिल्या. १९३४ पासून तोवर बावीस वर्षं धातूत या रेषा चालताना कोणी पाहिल्या नव्हत्या.

आता आपल्या तारेचा हिशेब करू. ४ मिलिमीटरची तार, अंगठ्याभोवती वळवली, तारेच्या मध्यरेषेपर्यंतची त्रिज्या १० मिलिमीटर धरू. बाहेरच्या कडेची लांबी २/१०, म्हणजे २० टक्के वाढते. आत रेषा किती आहेत? चांगल्या नरम तांब्यात एका चौरस सेंटिमीटरला १० लाख रेषा हा वाजवी आकडा आहे. एक सेंटिमीटरचा घन घ्या आणि उदारपणे समजा की दहाही लाख रेषा एकाच दिशेने निघाल्या आणि प्रत्येकीने पूर्ण सेंटिमीटर कापला. एकूण सरक झाली दहा लाख गुणिले ०.२५६ नॅनोमीटर, म्हणजे पाव मिलिमीटर. १० मिलिमीटर उंचीवर ती अडीच टक्के होते. प्रत्यक्षात रेषा बारा वेगवेगळ्या घसरण-मार्गांवर वाटलेल्या असतात, त्यामुळे याहूनही कमी. वीस टक्के कुठून आणायचे? शिवाय बाहेर पडलेली रेषा संपते, तेव्हा वाकवत गेलं की साठा आटायला हवा. होतं उलटंच.

याचा उलगडा फ्रँक आणि रीड यांनी १९५० मध्ये केला. रेषेचा एक तुकडा दोन ठिकाणी अडकलेला आहे, समजा दुसऱ्या रेषांशी बांधलेल्या गाठींवर. शिअर लावला की दोन खुंट्यांमधली दोरी वाऱ्याने फुगावी तसा तो पुढे फुगतो. रेषेला स्वतःचा ताण असतो, तो तिला मागे खेचतो. सगळ्यांत अवघड क्षण अर्धवर्तुळाचा. तो ओलांडला की पुढे कमी जोर लागतो: दोन्ही बाजू खुंट्यांना वळसा घालून मागे भेटतात, त्या भेटणाऱ्या बाजू विरुद्ध चिन्हाच्या असल्याने एकमेकींना पुसून टाकतात, एक पूर्ण वेढा सुटून पुढे पसरतो आणि खुंट्यांमध्ये मूळ तुकडा पुन्हा तयार. त्याच जागेतून वेढ्यामागून वेढा निघत राहतो. यासाठी लागणारा शिअर साधा आहे:

```
τ ≈ G b / L
```

L म्हणजे खुंट्यांमधलं अंतर. चौरस सेंटिमीटरला १० लाख रेषा असतील तर दोन रेषांमधलं सरासरी अंतर १० मायक्रॉन. ते L म्हणून घातलं की ४५ गिगापास्कल गुणिले ०.२५६ नॅनोमीटर भागिले १० मायक्रॉन, म्हणजे १.१५ मेगापास्कल. वर मोजलेला आकडा होता सुमारे १ मेगापास्कल. इतक्या ढोबळ हिशेबातून एवढं जवळ येणं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आकडेमोड पुन्हा करून पाहिली होती.

वेढे खरंच असे एका जागेतून निघतात याचा पुरावा तुम्हाला कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल. तांब्याची पट्टी आरशासारखी पॉलिश करा, नरम करा, पुन्हा हलकेच पॉलिश करा आणि थोडीशी वाकवा. प्रत्येक कणावर, म्हणजे पट्टी ज्यांची बनलेली असते त्या प्रत्येक छोट्या स्फटिकावर, समांतर, सरळ रेघा उमटतात. एका डिसलोकेशनची पायरी ०.२५६ नॅनोमीटरची, ती तिथे दिसणं शक्य नाही. ठळक रेघ म्हणजे कधी कधी शेकडो नॅनोमीटरची पायरी. २५६ नॅनोमीटरच्या पायरीसाठी एकाच प्रतलावरून हजार वेढे बाहेर पडायला हवेत. इथे एक चूक बरेच जण करतात: पॉलिश करतानाचे ओरखडे रेघा समजून मोजतात. ओरखडा कणाची सीमा ओलांडून तसाच सरळ जातो. घसरणीची रेघ सीमेपाशी थांबते किंवा दिशा बदलते, कारण शेजारच्या कणात प्रतलांचा कल वेगळा असतो.

आता दुसरा प्रश्न, दोष वाढल्यावर कडकपणा का. वरच्या सूत्रातच ते आहे: रेषा वाढल्या की L घटतो. बारा मार्गांवर निघालेले वेढे एकमेकांचे रस्ते कापतात. छेदताना रेषेत खाचा पडतात, काही रेषा एकमेकींशी जुळून हलूच न शकणाऱ्या गाठी होतात. टेलरचा नियम हेच वर्गमुळाच्या भाषेत सांगतो:

```
τ = α G b √ρ        (α ≈ 0.3)
```

ρ म्हणजे रेषांची घनता. जबर ओढलेल्या तांब्यात ती चौरस सेंटिमीटरला १० हजार कोटींपर्यंत जाते. नरम तारेच्या लाखपट. दोन रेषांमधलं अंतर ३० नॅनोमीटरच्या जरा वर. सूत्रात घातलं की सुमारे ११० मेगापास्कल शिअर येतो. तारेतले कण वाटेल तशा कलाने बसलेले असतात, म्हणून ताणाच्या आकड्यासाठी त्याला सुमारे ३ ने गुणायचं: ३३० मेगापास्कलच्या आसपास, आणि कडक ओढलेल्या तांब्याच्या तारेचा आकडा याच घरात असतो. तुमच्या हातातली तार बाकापाशी उघडली नाही ती याच कारणाने. तिथे रेषांची गर्दी झाली होती, शेजारी रस्ता मोकळा होता. म्हणजे एखादी रेषा धातूला नरम करते आणि रेषांची गर्दी त्याला कडक करते, यात विसंगती नाही. मोकळ्या रस्त्यावर गाडी धावते, गाड्यांनीच भरलेल्या रस्त्यावर अडते.

पुण्याच्या तांबट आळीतले कारागीर हे हातांनी जाणतात. हंडा घडवताना पत्रा कडक झाला की तो भट्टीत तांबडा करून नरम करतात, मग पुन्हा ठोकायला घेतात. त्या उष्णतेत नवे, कमी रेषांचे कण उगवतात आणि जुनी गर्दी गिळून टाकतात. आणि शेवटचं मठारकाम झाल्यावर मात्र भांडं तापवत नाहीत. ठोक्यांनी आलेला कडकपणा त्यांना हवाच असतो, नाहीतर पातळ पत्र्याचा हंडा उचलताच चेपेल.

एज आणि स्क्रू वेगळे ओळखायची गरज नेमकी कुठे पडते तेही सांगतो, कारण वरच्या हिशेबात दोघे बरोबरीचे वाटले असतील. एजची रेषा आणि पाऊल मिळून एकच प्रतल ठरतं. तो त्याच्याशी बांधलेला असतो, आणि प्रतल सोडून वर-खाली जायचं तर त्याला रिकाम्या जागांची आवक-जावक लागते. ती गरम धातूतच पुरेशी होते. स्क्रूची रेषा आणि पाऊल एकाच दिशेत, म्हणून त्यातून जाणारं कुठलंही सोयीचं प्रतल त्याला चालतं. अडथळा आला की तो शेजारच्या प्रतलावर वळू शकतो. ॲल्युमिनिअममध्ये हे सहज घडतं, म्हणून त्याच्यावरच्या रेघा नागमोडी. तांब्यात आणि पितळेत स्क्रू दोन अर्धवट रेषांत फुटलेला असतो, वळण्याआधी त्याला त्या एकत्र आणाव्या लागतात, म्हणून रेघा सरळ.

लोखंडात हा फरक आणखी पुढे जातो. तिथे स्क्रूचा गाभा एका प्रतलात सपाट न पसरता तीन प्रतलांकडे थोडा थोडा पसरतो आणि जागेला चिकटून बसतो. त्याला पुढे जायला उष्णतेची मदत लागते. एजला लागत नाही. त्यामुळे थंडगार लोखंड वाकवलं की वेढ्याचे एज भाग झपकन निघून जातात आणि मागे लांबच लांब सरळ स्क्रू रेषा उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तशाच दिसतात. पुढची सगळी घसरण त्यांच्या मंद चालीवर अवलंबून राहते. म्हणून तापमान उतरलं की साध्या पोलादाला वाकवायचा जोर झपाट्याने चढतो, आणि एका टप्प्याखाली वाकण्याआधी चीर जाणंच त्याला सोपं पडतं. तुमची तांब्याची तार द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून काढली तरी वाकेल.